[सल्ला हवा] द्राक्षबागेच्या व्हिडिओचं थंबनेल: कापून लावलेला चेहरा हिरव्यात बुडतोय

बागवाला_तासगाव

नमस्कार मंडळी. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. थोरला भाऊ बागेवर व्हिडिओ करतो, शूटिंग आणि थंबनेल माझ्याकडं असतं. पुढचा व्हिडिओ द्राक्षावरच्या दावण्या रोगावर आहे. छाटणीनंतर पाऊस लागला की काय होतं ते इथल्या लोकांना सांगायला नको.

थंबनेलची कल्पना अशी: डावीकडं दादाचा घाबरलेला चेहरा, हातात रोगट पान, मागं आमचीच बाग, आणि मोठ्या अक्षरात "दावण्या आला! आता काय फवारायचं?" कॉम्प्युटरवर बघताना झकास दिसतं. मोबाईलवर दुसऱ्या व्हिडिओच्या खाली जी बारीक यादी येते, तिथं मात्र नुसता हिरवट-काळपट गोळा. दादा कुठं, पान कुठं, काही कळत नाही.

चेहरा व्हिडिओतनंच स्क्रीनशॉट मारून घेतलाय आणि बॅकग्राउंड उडवायच्या ॲपमधनं कापलाय. केसांभोवती आणि कानामागं हिरवी कड राहिलीय. फोटोशॉप नाही, फोटोपीवर काम करतो.

प्रश्न एवढाच की बॅकग्राउंड लाल करू का पिवळं? सध्या काय चालतंय?

फ्लेक्सवाला_कराड

लाल कर भावा, डोळे झाकून. हिरव्याच्या समोर लाल उठतो. चेहऱ्याभोवती जाड पांढरी आउटलाईन दे, तिच्यामागं पिवळा ग्लो सोड. आमच्याकडं वाढदिवसाचे बोर्ड असेच होतात, चौकात लांबनं माणूस ओळखू येतो. आणि फाईल 300 डीपीआयला बनव, सीएमवायकेमध्ये. 72 वर बनवतात म्हणून फाटतं.

मिरजकर

स्क्रीनशॉट घेतोस तिथंच चुकतंय. चांगला कॅमेरा घे. जुना डीएसएलआर स्वस्तात मिळतो आता, 50 एमएमची लेन्स लाव. मागचं आपोआप ब्लर होईल, कापायची भानगडच नाही.

रेषा_विश्रामबाग

बागवाला, रंग ठरवायच्या आधी एक काम करा. फोटोपीत तुमची फाईल उघडा, सगळ्यात वर एक नवा लेयर घ्या, तो काळ्या रंगानं भरा आणि त्याचा ब्लेंड मोड Color करा. चित्र कृष्णधवल होईल. आता झूम कमी करत न्या, चित्र स्क्रीनवर अंगठ्याएवढं होईपर्यंत. मग सांगा चेहरा कुठं संपतो आणि पानं कुठं सुरू होतात.

Saturation शून्यावर ओढून हे करू नका. त्या पद्धतीत भडक पिवळा आणि भडक निळा दोन्ही एकाच राखाडीत येतात. डोळ्याला मात्र पिवळा कितीतरी उजळ दिसतो, म्हणजे तपासणीच खोटी ठरते.

फ्लेक्सवाले दादा, आउटलाईनबद्दल तुमचं थोडं पटतं, त्यावर नंतर बोलू. पण डीपीआय आणि सीएमवायके हे छपाईचं. स्क्रीनवर फक्त पिक्सेल मोजायचे: 1280 बाय 720, आरजीबी. सीएमवायकेत बनवलं तर तुमचा तो लालच मेल्यासारखा दिसेल. फाटण्याचं म्हणाल तर यांचं चित्र फाटत नाहीये, एकमेकात मिसळतंय. दोन्हींवर इलाज वेगळा आहे.

बागवाला_तासगाव

ताई, केलं. धक्काच बसला. दादाचा गाल आणि मागची पानं एकाच राखाडीत गेली. केस आणि मांडवाखालची सावली दोन्ही काळी. टी-शर्ट हिरवा होता, तो तर बागेतच जमा. उठून दिसतंय ते एकच, मांडवाच्या फटीतनं दिसणारं आभाळ. ते पांढरंफट्ट!

रेषा_विश्रामबाग

म्हणजे लोकांचा डोळा दादाकडं जातच नाही, आभाळाकडं जातो.

हे नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. मोठ्या चित्रात माणूस रंगानं वेगळा ओळखू येतो, बारीक चित्रात तो उजेड-अंधारानं ओळखू येतो. आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्याचा मांडवाखालचा उजेड आणि द्राक्षाच्या पानाचा उजेड जवळजवळ सारखाच असतो. रंग वेगळे असल्यामुळं कॉम्प्युटरवर फसायला होतं. कॉम्प्युटरच्या बाजूच्या यादीत तुमचं चित्र साधारण 168 पिक्सेल रुंद दिसतं, म्हणजे तुम्ही काम करता त्याच्या साडेसातपट लहान. मोबाईलच्या बारीक यादीतही गत तीच. तिथं उजेडाचा फरक नसेल तर चेहरा नसल्यातच जमा.

म्हणून "लाल का पिवळं" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा की तीन गोष्टींत सगळ्यात उजळ कोण, मधलं कोण आणि गडद कोण. तुमच्या बाबतीत मी असं ठेवीन: चेहरा आणि पान उजळ, शर्ट मधला, बाग गडद. अक्षरं पांढरी, बागेच्या गडद भागावर.

लाल बॅकग्राउंड मी टाळीन. भडक लाल आणि पानाचा हिरवा यांचा उजेड बऱ्याचदा सारखाच निघतो, वरच्या काळ्या लेयरनं तपासून बघा. शिवाय लाल-हिरव्यात गोंधळ होणारे पुरुष बरेच असतात आणि तुमचे प्रेक्षक बहुतेक पुरुषच असणार. तिसरी गोष्ट, जेपीईजीत रंगाची माहिती सहसा उजेडापेक्षा कमी बारकाईनं साठवली जाते. त्यामुळं लाल-हिरव्याची कड लहान चित्रात फुटते. लाल अक्षरं हिरव्यावर टाकलीत तर कडेला चिखल दिसेल.

फ्लेक्सवाला_कराड

ताई, मग सगळे मोठे चॅनेलवाले लाल-पिवळं वापरतात ते काय येडे आहेत का?

रेषा_विश्रामबाग

पिवळं वापरतात ते बरोबरच आहे. पिवळा मुळातच उजळ असतो, त्यावर काळे केस आणि गडद कपडे सुरेख उठतात. पण इथं पानावरचे डागच पिवळे आहेत. पिवळ्या पडद्यावर पिवळा डाग कुणाला दिसणार? विषय मोबाईल फोनचा असता तर मीही पिवळंच सांगितलं असतं.

आबा_पलूस

मी थंबनेल वगैरे करत नाही, पण बघणारा मी आहे. पंचवीस-तीस वर्षं द्राक्ष केलंय. आम्ही सकाळी पान उलटून बघतो, खाली पांढरं दिसलं की पोटात गोळा येतो. मग मोबाईल काढतो. त्या वेळी मला तुमच्या दादाचं तोंड बघायचं नसतं. माझ्या पानावर आहे तेच त्या चित्रात आहे का, एवढंच बघायचं असतं. भुरी आहे का दावण्या, इथंच निम्मे लोक चुकतात. पान मोठं दाखवा, तोंड कशाला?

बागवाला_तासगाव

आबा, मुद्दा डोक्यात बसला. पण दादाला लोक ओळखतात, चेहरा काढला तर आमचा व्हिडिओ आहे हे कळणार कसं? ताई, दोन्ही बसेल का?

रेषा_विश्रामबाग

आबांचं अर्धं चित्र मी घेणार आहे. पान जवळजवळ चेहऱ्याएवढं मोठं करायचं आणि खालची बाजू कॅमेऱ्याकडं करायची. दावण्याची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला असते आणि तेलकट पिवळे डाग वरून दिसतात. खालची बाजू दाखवली की भुरीशी होणारा गोंधळ बराच कमी होतो, आणि पांढरी बुरशी गडद बागेवर उठूनही दिसते. नशिबानं रोगाचं लक्षण आणि आपल्याला हवा असलेला उजेड एकाच बाजूला आलेत.

आता चेहरा नव्यानं काढा. व्हिडिओतला स्क्रीनशॉट नको. मिरजकर म्हणतात तसा कॅमेरा घ्यायची गरज नाही, पण स्क्रीनशॉटबद्दल ते बरोबर आहेत. बोलताना मान हलत असते, चित्र जरा हललेलंच येतं, कड मऊ पडते आणि कापणारं ॲप तिथंच गोंधळतं.

मांडवाखाली उभं करू नका. पानांतनं गाळून येणारा उजेड हिरवा असतो. तो हनुवटीखाली आणि मानेवर बसतो, नंतर कितीही धुतला तरी जात नाही. बांधावर, शेडच्या सावलीत उभं करा, तोंड मोकळ्या आभाळाकडं. मागं साधी फिकी भिंत असावी, काळे केस त्यावर स्वच्छ कापले जातात. भिंतीपासून चार-पाच फूट पुढं उभं राहायचं म्हणजे सावली पडत नाही. समोरून खालच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा धरला की डोळ्यांखालचा काळोख निघतो. बारीक चित्रात भाव दिसतो तो डोळ्यांच्या पांढऱ्या भागामुळं, आणि सावलीत तोच आधी गायब होतो.

फोन जवळ नेऊ नका, नाक मोठं आणि कान बारीक येतात. सहा फुटांवर उभे राहा आणि 2x वर ठेवा.

शर्ट हिरवा नको आणि पांढराही नको, पांढरा चेहऱ्यापेक्षा उजळ होऊन बसतो. फिका निळा किंवा विटकरी चालेल, रेघा-चौकडी नसलेला.

सुगरण_वाई

ताई, मध्ये बोलते, राग मानू नका. माझं रेसिपीचं चॅनेल आहे. मी तोंडाचा आ करून फोटो टाकला तर नवरा म्हणतो जेवण करपल्यासारखं दिसतं. आमच्यासारख्यांनी चेहरा लावायचा का नाही? आणि माझी कढई काळी असते, ती मागच्या काळ्या ओट्यात दिसतच नाही. हे त्याच उजेडाचं आहे का?

रेषा_विश्रामबाग

सुगरणताई, कढईचं अगदी तेच आहे. ओटा बदलता येत नसेल तर खाली पिवळसर पंचा किंवा लाकडी पाट घ्या, कढईची कड सुटी होईल. चेहऱ्याचं मात्र तुम्ही वेगळा धागा काढा, इथं दादाचं राहून जाईल.

बागवाला_तासगाव

भावाला भाव करायला सांगितलं की एकतर हसतो नाहीतर पासपोर्टचा फोटो. काय करू?

रेषा_विश्रामबाग

"घाबर" म्हणून सांगितलं की कुणीही नाटकीच करतो. भावाच्या जागी कृती सांगा. डोळे घट्ट मिटून एकदम उघडायला सांगा आणि त्या क्षणी बर्स्ट मोडमध्ये फोटो घ्या. भुवया वर गेलेल्या एक-दोन तरी मिळतात. दुसरं म्हणजे पान गालाजवळ धरून त्याच्याकडं बघत नवा खर्च मनात मोजायला सांगा. शेतकऱ्याला ते नाटक करावं लागत नाही.

नजर पानाकडं असावी का कॅमेऱ्याकडं, यावर माझं मत पक्कं नाही. पानाकडं असली की बघणाऱ्याचाही डोळा पानावर जातो, कॅमेऱ्याकडं असली की ओळखीचा माणूस लवकर ओळखू येतो. दोन्ही काढून ठेवा. मात्र नजर चित्राच्या बाहेर जाता कामा नये. चेहरा डावीकडं असेल तर नजर उजवीकडं, म्हणजे अक्षरांच्या दिशेनं.

आणि पान हातात जरा पुढं, कॅमेऱ्याच्या बाजूला धरा, ते आपोआप मोठं येतं. बोटांनी डाग झाकू नका.

बागवाला_तासगाव

आज सकाळी फोटो काढले. शेडची भिंत, थर्माकोल, विटकरी शर्ट, सगळं सांगितल्याप्रमाणं. नुसता फोटो बघूनच दादा म्हणाला की मी जरा बरा दिसतोय.

ॲपनं कापलं तर आता केसांभोवती हिरव्याऐवजी भिंतीची पांढरट कड आलीय. गडद बागेवर ती चांगलीच चमकते. फ्लेक्सवाले दादा म्हणतात ती आउटलाईन टाकून झाकू का?

फ्लेक्सवाला_कराड

टाक की. झाकतेच ती.

रेषा_विश्रामबाग

झाकत नाही, उलट मिरवते. आउटलाईन कापलेल्या कडेवरूनच फिरते. कान कुरतडला गेला असेल तर पांढऱ्या रेषेतही तोच कुरतडलेला कान दिसतो. आणि बाग गडद केल्यावर आउटलाईनची गरजच उरत नाही. बॅकग्राउंड भडक आणि उजळ असेल, चेहराही उजळ असेल, तेव्हा मात्र दादा म्हणतात तशी जाड कड उपयोगी पडते. तीही 1280 च्या चित्रात आठ-दहा पिक्सेल तरी हवी. साडेसातपट लहान झाल्यावर दहाची एक-सव्वा पिक्सेल उरते. चारची अर्धी उरते, म्हणजे काहीच नाही.

पांढरट कडेसाठी असं करा. ॲपमधून आलेला कटआउट फोटोपीत आणा, लेयरच्या चित्रावर Ctrl धरून क्लिक केलं की निवड होते. Select मेन्यूत Modify, त्यात Contract, एक किंवा दोन पिक्सेल. मग त्या निवडीवरून मास्क लावा. थेट खोडू नका, मास्क नंतर दुरुस्त करता येतो. मास्कला अर्धा-एक पिक्सेल ब्लर द्या, नाहीतर कात्रीनं कापल्यासारखं दिसतं.

एवढं करूनही केसांत पांढुरकं उरेल. त्यासाठी कटआउटच्या वर नवा लेयर घेऊन तो त्याला क्लिप करा, Layer मेन्यूत Clipping Mask आहे. मोड Multiply. आयड्रॉपरनं केसांच्या आतला रंग उचला आणि मऊ ब्रशनं फक्त कडेवर हलके फिरवा. भिंतीचा पांढरा गडद होऊन केसांत मिसळतो. आधीच्या चित्रात हिरवी कड होती, तिथं Multiply ऐवजी Color मोड लागला असता, कारण तिथं उजेड ठीक होता, रंग चुकीचा होता.

एकेक सुटा केस वाचवायच्या मागं लागू नका. दोन पिक्सेलचा केस यादीत पाव पिक्सेलचा होतो. डोक्याचा बाहेरचा आकार स्वच्छ आणि कान शाबूत, एवढं पुरे. उडणारे केस कापून टाका, दादा काही तेलाच्या जाहिरातीत नाहीये.

मिरजकर

हे सगळं मोबाईलवर होईल का? माझ्याकडं कॉम्प्युटर नाही. पिक्सेललॅबवर करतो.

रेषा_विश्रामबाग

अक्षरं आणि मांडणी तिथं होईल. कडेचं हे काम बोटानं करायला फार चिडचिड होते, फोटोपी मोबाईलच्या ब्राउझरमध्ये उघडतं पण पडदा अपुरा पडतो. तुमच्यासाठी सोपा रस्ता म्हणजे फोटोच अशा भिंतीसमोर काढायचा की कडेचं काम उरू नये. बॅकग्राउंड गडद ठेवणार असाल तर भिंत मध्यम करडी बघा. फिकी भिंत कापायला सोपी, पण गडदावर ती अशी चमकते.

कृष्णधवल तपासणी मात्र मोबाईलवर उत्तम होते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये डिजिटल वेलबीइंगच्या बेडटाईम मोडमध्ये ग्रेस्केल असतं. ते चालू करून यूट्यूब उघडा आणि खाली सरकत राहा. कुणाचे चेहरे दिसतात आणि कुणाचे बुडतात ते दहा मिनिटांत कळेल.

बागवाला_तासगाव

कड गेली! आता बाग. बागेचा फोटो गडद केला तर रात्रीसारखी दिसते. आणि दादा वर ठेवलाय असं वाटतं, बागेत उभा आहे असं वाटत नाही.

रेषा_विश्रामबाग

नुसतं गडद केलं की रात्र होते, बरोबर. आधी पांढरं आभाळ काढा, म्हणजे बागेचा असा भाग निवडा ज्यात आभाळ नाही. ओळीच्या मधून घेतलेला फोटो असेल तर वायर आणि खांब एका बिंदूकडं जातात, ते छान दिसतं, फक्त तो बिंदू दादाच्या कानातून निघत नाही ना बघा. मग ब्लर द्या, दहा-बारा पिक्सेलचा. पानांची बारीक गिचमिड गेली पाहिजे आणि बाग आहे हे कळलं पाहिजे. त्यानंतर Curves नं वरचं टोक खाली ओढा, म्हणजे उजळ पानं मंद होतील, सावल्या आहेत तिथंच राहतील. शेवटी Saturation थोडं कमी करून हिरव्याला निळ्याकडं ढकला. संध्याकाळच्या बागेसारखी दिसेल, आणि तिच्यावर कातडीचा उबदार रंग आणि पानाचा ताजा हिरवा दोन्ही वेगळे पडतील.

दादा वर चिकटवल्यासारखा वाटतो त्याची कारणं बहुतेक दोन. एक, उजेडाची दिशा. चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि बागेत उजवीकडून असेल तर बाग आडवी उलटा. चेहरा उलटू नका, शर्टाचा खिसा आणि बटणपट्टी दुसऱ्या बाजूला जाते आणि ओळखीच्या माणसाचा भांग उलटा दिसला की काहीतरी खटकतं. दोन, मागं सावली नाही. दादाच्या खालच्या लेयरवर मोठा मऊ काळा ब्रश घ्या, अपारदर्शकता वीस-पंचवीस टक्के, आणि खांदा व मानेच्या मागं एकदोनदा फिरवा. Drop Shadow नको, त्यानं माणूस कागदी होतो.

मग हवी असेल तर एक हौस: कटआउटला क्लिप केलेल्या लेयरवर, Screen मोडमध्ये, खांद्याच्या आणि कानाच्या उजेडाच्या बाजूला फिकट पिवळसर ब्रशची बारीक रेघ. फार नाही. सगळीकडून चमकला तर देवाचा फोटो होतो.

चेहऱ्याचा आकार सांगते. हनुवटीपासून केसांपर्यंत 720 पैकी 400 पिक्सेल तरी घ्या. यादीत ते पन्नासएक उरतात, त्यात भुवया आणि तोंड कळतं. डोक्याचा वरचा भाग चौकटीबाहेर गेला तरी चालतो. हनुवटी कापू नका.

आबा_पलूस

आणि पान?

रेषा_विश्रामबाग

पान वेगळ्या लेयरवर, चेहऱ्याच्या पुढं, 300 पिक्सेलच्या आसपास. आबा, बुरशीचा भाग थोडा उजळ करायला सांगतेय, पण नसलेला डाग रंगवायचा नाही. तुमच्यासारखे लोक त्या चित्रावरून रोग ओळखतात.

आबा_पलूस

ते महत्त्वाचं. मागं एका व्हिडिओत चित्रात एक पान आणि आत दुसराच रोग. त्या चॅनेलला मी परत गेलो नाही.

बागवाला_तासगाव

आता अक्षरं. "दावण्या आला! आता काय फवारायचं?" दोन ओळीत बसवलं तर बारीक होतंय. काळी आउटलाईन जाड केली तर ण आणि द आतून भरून जातात.

फ्लेक्सवाला_कराड

यात मी सांगतो, हे माझं रोजचं आहे. अक्षराला मधून आउटलाईन देऊ नको, Outside ठेव. मधून दिली की निम्मी आत येते आणि पोकळ्या भरते. आणि अक्षरांत अंतर वाढवू नको, शिरोरेषा तुटते. दोन ओळी असल्या तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी भिडतात, म्हणून ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावं लागतं. त्यातच जागा जाते. एका ओळीत भागव.

रेषा_विश्रामबाग

हे शंभर टक्के. "काय फवारायचं" व्हिडिओच्या शीर्षकात आहेच ना? मग चित्रात परत कशाला? यादीत शीर्षक शेजारीच असतं. चित्रात फक्त "दावण्या?" ठेवा. एकच शब्द असला की अक्षराची उंची 150 पिक्सेलपर्यंत जाते, यादीत वीस उरते, आरामात वाचता येतं. चार शब्द घातले की प्रत्येकी सात-आठ उरतात आणि मात्रा कुठली, रफार कुठला काही कळत नाही.

फॉन्ट बलू 2 चा सगळ्यात जाड किंवा मुक्ता एक्स्ट्राबोल्ड घ्या. दोन्ही एक टाइपचे आहेत, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. जाड असूनही आतल्या पोकळ्या मोकळ्या आहेत. बाग गडद आहे, त्यामुळं पांढऱ्या अक्षराला आउटलाईन लागणारच नाही. लागलीच तर मागं मऊ काळी सावली.

जागा वरती उजवीकडं. खाली उजव्या कोपऱ्यात व्हिडिओचा वेळ लिहून येतो, तिथं साधारण अडीचशे बाय सव्वाशे पिक्सेल मोकळे सोडा. प्रश्नचिन्ह नेमकं तिथं आलं तर "दावण्या" एवढंच वाचलं जाईल. अर्धवट बघितलेल्या व्हिडिओला तळाशी लाल पट्टीही येते, म्हणून पानाचं टोक अगदी खालपर्यंत नेऊ नका.

फ्लेक्सवाला_कराड

तरी मी म्हणतो अक्षर पिवळं कर. पांढरं फार सपक.

रेषा_विश्रामबाग

पानावरचे डाग पिवळे आहेत दादा.

फ्लेक्सवाला_कराड

पानाची खालची बाजू दाखवताय ना? तिथं पांढरं आहे. मग पांढऱ्या अक्षराचं काय?

रेषा_विश्रामबाग

हं. हे खरं बोललात. बागवाला, दोन्ही करून कृष्णधवलमध्ये बघा. उजेड दोन्हींचा जवळपास सारखाच येईल, तेव्हा वाचण्यात फरक पडणार नाही. मग डोळ्याला पान आधी दिसतं का अक्षर, यावर ठरवा. मला पान आधी दिसायला हवंय.

बागवाला_तासगाव

तयार झालं. पिवळं अक्षर ठेवलं, त्यात पानावरची बुरशी वेगळी कळतेय. ग्रेस्केलमध्ये फोनवर बघितलं, दादा दिसतो, पान दिसतं, शब्द वाचता येतो. जेपीजी 2 एमबीच्या आत आहे. आईला दाखवलं तर म्हणाली पोराला बरं नाही का.

चेहरा लहान आणि पान अर्ध्या चौकटीएवढं, असं दुसरंही केलंय, आबांसाठी. दोन्हीतलं कुठलं टाकू?

आबा_पलूस

पानवालं. विचारायचं काय त्यात.

मिरजकर

चेहरावालं. पानवालं पुस्तकातल्या चित्रासारखं वाटतंय.

रेषा_विश्रामबाग

इथं मतदान घेऊन उपयोग नाही, आपण सगळे मोठ्या पडद्यावर बघतोय. यूट्यूब स्टुडिओत थंबनेलची A/B चाचणी करायची सोय आहे, कॉम्प्युटरवरून. चॅनेलला ॲडव्हान्स्ड फीचर्स चालू असावी लागतात. एका व्हिडिओला तीन थंबनेल देता येतात आणि ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवली जातात. निकाल क्लिकवर लागत नाही, कुठल्या चित्रामुळं जास्त वेळ बघितलं गेलं त्यावर लागतो. तुमच्यासाठी ते बरंच आहे, कारण चेहऱ्यामुळं नुसतं दाबून परत गेलेले लोक त्यात मोजून फायदा होत नाही. लहान चॅनेलला मात्र बऱ्याचदा "फरक नाही" असंच उत्तर येतं, कारण बघणारेच पुरेसे नसतात. दोन आठवडेही लागू शकतात.

फक्त दोनच द्या आणि दोन्हीत अक्षर तेच ठेवा. अक्षरही बदललंत तर फरक पानामुळं पडला का शब्दामुळं, ते कळणार नाही.

बागवाला_तासगाव

दोन्ही लावली. दावण्याचा जोर दोन आठवड्यांत ओसरला तर निकालाचं काय करायचं ते तेव्हा बघू.

सुगरण_वाई

मी वेगळा धागा काढलाय, "कढई आणि चेहरा" नावाचा. रेषाताई, वेळ झाला की बघा. पंचा पिवळा नव्हता, नारंगी घातलाय.